ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ : जुनी इंग्रजी कविता वाचताना



वाई हे कोशांचं गाव आहे. मराठी विश्वकोशाचं काम इथे चाललं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथे राहिले. त्यामुळे 'शब्दकोश बघा' हे वाक्य या गावात कुणाला नवं नाही. आज आम्हाला त्याच्या पुढचं थोडं बोलायचं आहे. शब्दकोश बघितला, अर्थही सापडला, वाक्यही नीट लागलं, आणि तरीही कविता चुकली, असं कधी होतं? आणि ते झालंय हे आपल्याला कळायचं कसं?

विषय जुन्या इंग्रजी कवितेचा आहे, पण सुरुवात आपल्या घरापासून करू. पेशवाईतला एखादा वतनाच्या तंट्याचा कागद घ्या. दोन भाऊबंदांनी 'राजीनामा' लिहून दिला, असं त्यात आलं, तर आजचा वाचक काय समजेल? कुणीतरी पद सोडलं असं. वास्तविक 'राजी' म्हणजे कबूल आणि 'नामा' म्हणजे लेख. आम्हाला हे मान्य आहे, असं लिहून दिलेला तो कागद.  नोकरी सोडण्याचा काही संबंध नसतो. दुसरं उदाहरण 'राग' या शब्दाचं. संस्कृत श्लोकात राग म्हणजे आसक्ती, ओढ. मराठीत राग म्हणजे संताप. अर्थ अगदी उलट्या टोकाला गेला.

आता यात फसवं काय आहे ते बघा. ज्ञानेश्वरीत 'नावेक' हा शब्द आला की आपण थांबतो. हा आपल्याला येत नाही हे आपल्याला ठाऊक असतं. टीप बघतो, 'क्षणभर' असा अर्थ मिळतो, पुढे जातो. अनोळखी शब्द प्रामाणिक असतो, तो आपलं अनोळखीपण लपवत नाही. 'राग' किंवा 'राजीनामा' मात्र ओळखीचा चेहरा घेऊन येतात. तिथे आपण थांबतच नाही. कोश उघडायची गरजच वाटत नाही, आणि उघडला तरी आजचा कोश आजचाच अर्थ देतो.

जुन्या इंग्रजी कवितेत नेमकं हेच होतं, आणि आपल्यासारख्या, इंग्रजी पुस्तकातून शिकलेल्या वाचकांच्या बाबतीत जास्तच होतं. म्हणून एकच कविता नीट घेऊ.

ग्रेची कविता आणि तीन साधे शब्द

टॉमस ग्रे या कवीची 'एलेजी रिटन इन अ कंट्री चर्चयार्ड' ही कविता १७५१ साली प्रसिद्ध झाली. खेड्यातलं एक कबरस्तान, तिन्हीसांजेची वेळ, आणि तिथे पुरलेल्या साध्या माणसांविषयी कवीचं चिंतन. आपल्याकडे इंग्रजी शिकलेल्या कितीतरी जणांना ती ओळखीची आहे.

या कवितेत 'ग्लीब' असा एक शब्द आहे आणि 'जॉकंड' असा एक. विद्यार्थी हे दोन्ही शब्द अधोरेखित करतो. कोश सांगतो : ग्लीब म्हणजे शेतजमीन, जॉकंड म्हणजे आनंदी. झालं. या दोन शब्दांनी कुणाचंही नुकसान केलेलं नाही. नुकसान करणारे शब्द वेगळे आहेत, आणि ते आपण सगळे रोज बोलतो : टीम, लॉन आणि रूड.

'टीम' घ्या. ग्रेचे खेडूत सकाळी आनंदाने आपली टीम शेताकडे हाकत नेतात. आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? अकरा खेळाडू, नाहीतर कचेरीतला चमू. थोडा विचार करणारा विद्यार्थी म्हणतो, मजुरांची टोळी असेल, मुकादम घेऊन चालला असेल. वाक्य बसलं! पण इथे टीम म्हणजे औताला किंवा गाडीला एकत्र जुंपलेली जनावरं. आपल्या भाषेत जोडी, चार-सहा बैल असतील तर सगळं जूं. माणसांच्या गटाला हा शब्द नंतर लागला, एकत्र जुंपल्यासारखं काम करतात म्हणून. आता फरक बघा. मुकादम मजुरांना हाकतो हे चित्र वेगळं, आणि शेतकरी स्वतःची बैलजोडी घेऊन खुशीत रानाकडे निघतो हे चित्र वेगळं. पहिल्यात चाकरी आहे, दुसऱ्यात स्वतःच्या कामाचा आनंद. ग्रेला दुसरं म्हणायचं आहे.

'लॉन' घ्या. कवितेच्या उत्तरार्धात एक म्हातारा गावकरी त्या कवीची आठवण सांगतो : तो पहाटे दंव तुडवत उंचावरच्या लॉनवर सूर्य उगवताना गाठायला जायचा. आज लॉन म्हटलं की आपल्याला मंगल कार्यालय आठवतं. कापलेली हिरवळ, पाण्याचे फवारे आणि खुर्च्या. मग असंही वाटतं की हा कवी कुणा श्रीमंताच्या बंगल्याच्या बागेत फिरायला जात असावा. पण त्या काळी लॉन म्हणजे झाडीच्या मधली किंवा डोंगरावरची मोकळी गवताळ जागा. ती कुणी पेरलेली नाही, कुणी कापलेली नाही. वाईकरांना हे समजायला कोश कशाला हवा? पसरणीचा घाट चढून पाचगणीच्या पठारावर पहाटे उभे राहा. ग्रेचा लॉन तशा जातीचा आहे.

आता तिसरा शब्द, 'रूड'. खरी गोष्ट इथे आहे.

त्या झाडांखाली गावाचे पूर्वज झोपले आहेत असं सांगताना ग्रे त्या पूर्वजांना 'रूड' म्हणतो. आजच्या खिशातल्या कोणत्याही कोशात रूड म्हणजे उद्धट, असभ्य. शाळेत मास्तर म्हणतात, 'डोन्ट बी रूड.' तेव्हा विद्यार्थी लिहितो : या गावाचे उद्धट पूर्वज इथे झोपले आहेत. व्याकरण बरोबर, कोश बरोबर, वाक्य बरोबर. आणि कविता मोडली.

ती कशी मोडली, ते जरा सावकाश बघू. रूड हा शब्द लॅटिनमधून आलेला आहे. मूळ अर्थ कच्चा, न घडवलेला. दगड खाणीतून निघाला आणि अजून टाकी लागली नाही, की तो रूड. माणसाला लावला की ज्याच्यावर शिक्षणाची टाकी चालली नाही तो. म्हणजे अशिक्षित, साधा, रांगडा. उद्धटपणाचा अर्थही त्या काळी होता. लोक असंच समजत असत की न शिकलेला माणूस वागायलाही ओबडधोबड असणार, आणि त्या समजुतीतून तो अर्थ वाढला. पुढे तोच अर्थ माणसांच्या बाबतीत शिरजोर झाला आणि पहिला मागे पडला.

ग्रेच्या कवितेचा पुढचा युक्तिवाद काय आहे? तो म्हणतो, या कबरीत कदाचित एखादा मिल्टन पडला असेल, ज्याच्या तोंडून कविता कधी निघालीच नाही. कदाचित राज्य चालवू शकले असते असे हात इथे मातीत असतील. पण विद्येने आपलं पुस्तक त्यांच्यापुढे उघडलं नाही, दारिद्र्याने त्यांची उमेद गोठवली. म्हणजे सगळी कविता एका खिळ्यावर टांगलेली आहे : ही माणसं गुणांनी कमी नव्हती, त्यांना शिकायला मिळालं नाही. 'रूड' म्हणजे अशिक्षित असं घेतलं, तर हा खिळा कवितेच्या सुरुवातीलाच ठोकला जातो आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. 'रूड' म्हणजे उद्धट असं घेतलं, तर कवी आधी त्यांना नावं ठेवतो आणि मग अचानक त्यांच्याबद्दल हळहळतो. मग विद्यार्थी म्हणतो, कवितेत विसंगती आहे. नाहीतर म्हणतो, कवी शहरी आणि तुच्छतावादी आहे. दोन्ही आरोप ग्रेवर येतात. खरा अपराधी आपला १७५१ साली नसलेला कोश.

आगरकरांच्या पुढ्यातला प्रश्न

आता दुसरं प्रकरण, आणि ते आपल्या जिल्ह्याचंच म्हणायला हरकत नाही. गोपाळ गणेश आगरकर हे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चं त्यांनी केलेलं मराठी रूपांतर 'विकारविलसित' या नावाने १८८३ साली प्रसिद्ध झालं. त्या वेळी त्यांच्यासमोर काय अडचणी असतील याचा विचार आपण करू शकतो, कारण मूळ नाटक आजही तेच आहे आणि त्यातले सापळेही तेच आहेत.

'डाउट' हा शब्द घ्या. पहिल्या अंकात हॅम्लेटला कळतं की मेलेल्या बापाचं भूत चिलखत घालून रात्री फिरतंय. मित्र गेल्यावर तो एकटाच म्हणतो की आपल्याला काहीतरी कपट 'डाउट' वाटतं. आजच्या इंग्रजीत एखादी गोष्ट डाउट करणं म्हणजे ती खरी नसावी असं वाटणं. त्या अर्थाने हॅम्लेट म्हणतो की यात कपट असेल असं मला वाटत नाही! म्हणजे ज्या क्षणी संशयाचं बी पडायला हवं, त्याच क्षणी नायक ते उपटून टाकतो. पुढच्या चार अंकांना काही कारणच उरत नाही. शेक्सपिअरच्या काळी 'डाउट'चा दुसराही अर्थ चालू होता : शंका येणं, भय वाटणं, तसंच असावं असं वाटणं. हॅम्लेट म्हणतो आहे, इथे काहीतरी काळंबेरं आहे.

गंमत अशी की मराठी माणसाला हे समजायला अजिबात अवघड नाही. आपल्या 'शंका' या शब्दाला दोन्ही दिशा आहेत. 'तो येईल की नाही, शंकाच आहे' म्हणजे बहुधा येणार नाही. आणि 'मला शंका आहे, यानेच पैसे घेतले' म्हणजे बहुधा यानेच घेतले. म्हणूनच आपल्याकडची पुष्कळ माणसं इंग्रजीत बोलताना 'आय डाउट ही हॅज टेकन द मनी' असं म्हणतात, आणि त्यांना म्हणायचं असतं की यानेच घेतले. मास्तर ते वाक्य चूक देतात. आजच्या इंग्रजीप्रमाणे ते चूकच आहे, पण हॅम्लेटच्या तोंडी तोच अर्थ आहे. स्कॉटलंडच्या बोलीत तर तो अजून जिवंत आहे.

याच नाटकात हॅम्लेटने ऑफेलियाला लिहिलेलं चार ओळींचं पद्य आहे. त्यात 'डाउट' हा शब्द चारही ओळींत येतो. तारे अग्नीचे आहेत याबद्दल शंका घे, सूर्य फिरतो याबद्दल शंका घे, सत्य खोटं बोलतं अशी शंका घे, पण माझ्या प्रेमाबद्दल शंका घेऊ नको, असा त्याचा मथितार्थ. पहिल्या दोन ठिकाणी शंका म्हणजे अविश्वास. तिसऱ्या ठिकाणी शंका म्हणजे 'तसं असेल' असा संशय. चौथ्या ठिकाणी पुन्हा अविश्वास. सगळीकडे आजचा एकच अर्थ लावला, तर तिसऱ्या ओळीत हॅम्लेट सांगतो की सत्य खोटं बोलत नाही याची खात्री बाळग. ते खरं असेल, पण मग त्या ओळीतलं आव्हान गेलं. मराठीत आम्ही आत्ता चारही वेळा 'शंका' वापरली आणि तुम्हाला कुठेही अडखळल्यासारखं झालं नाही. हे भाग्य आजच्या इंग्रजाला नाही, त्याला टीप लागते.

'लेट'चंही तसंच. भुताच्या मागे जाताना मित्र हॅम्लेटला धरतात, तेव्हा तो दरडावतो की मला जो 'लेट' करील त्याचंच भूत करीन. लेट म्हणजे 'करू देणं' हे पाचवीतल्या मुलाला येतं. मग जो मला जाऊ देईल त्याला मारीन? जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती. एकाचा अर्थ जाऊ देणं, दुसऱ्याचा अडवणं. उच्चार घासत घासत दोन्ही एकसारखी झाली. आपल्याकडे फुलांची माळ आणि गुरं चरतात तो माळ यांचं झालंय तसंच. हॅम्लेटचा लेट अडवणारा आहे. हा शब्द मेला असं समजू नका. तुमच्या पासपोर्टच्या आतल्या पानावर धारकाला 'विदाउट लेट ऑर हिंड्रन्स', म्हणजे विनाअडथळा जाऊ द्यावं, अशी विनंती आहे. तो हाच लेट. जुना अर्थ असा एखाद्या ठरलेल्या जोडीत, कायद्याच्या भाषेत किंवा म्हणीत अडकून राहतो.

मग करायचं काय?

इथे कोशांचा इतिहास थोडा माहीत असणं उपयोगी पडतं. ज्याला आज आपण ऑक्सफर्डचा मोठा कोश म्हणतो, त्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम पुरं व्हायला १९२८ साल उजाडलं. म्हणजे 'विकारविलसित' छापलं गेलं तेव्हा त्या कोशाचं एकही पान वाचकांच्या हाती नव्हतं. त्या कोशाची रीत वेगळी आहे. तो शब्दाचा एक अर्थ सांगून थांबत नाही. प्रत्येक अर्थ केव्हा दिसू लागला आणि कुठवर चालला, हे साल घातलेल्या उताऱ्यांनी दाखवतो. जो अर्थ आता चालत नाही त्याच्या आधी उभ्या खंजिरासारखी खूण असते : †. जुनी कविता वाचणाऱ्याने आधी ही खूण शोधावी. आपल्याकडे दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात जुन्या ग्रंथांतले दाखले दिलेले असतात, त्याचाही उपयोग असाच आहे.

दुसरी युक्ती म्हणजे कवीच्या काळचाच कोश बघणं. डॉ. जॉन्सनचा इंग्रजी कोश १७५५ सालचा, म्हणजे ग्रेच्या कवितेनंतर अवघ्या चार वर्षांचा. त्यात लॉन म्हणजे झाडीतली मोकळी जागा आणि टीम म्हणजे जुंपलेली जनावरं, असेच अर्थ मिळतात. पोवाडे किंवा लावण्या वाचताना मोल्सवर्थचा १८३१ सालचा कोश, किंवा त्याची १८५७ सालची वाढवलेली आवृत्ती जवळ ठेवावी, ती याच कारणासाठी.

पण मुळात शंका कुठे घ्यायची? प्रत्येक शब्दाला कोश उघडला तर कविता वाचून होणार नाही. आमचा अनुभव असा की दोन खुणा पुरतात. वाक्य लागतं पण त्याच्या पुढचं-मागचं बिघडतं, ही पहिली. 'उद्धट पूर्वज' हे वाक्य लागतं, पण पुढची हळहळ बिघडते. अशा वेळी कवीला दोष देण्याआधी त्या वाक्यातला सगळ्यात सोपा शब्द पकडावा. व्याकरण किंचित अवघडून बसलंय, ही दुसरी खूण. माणूस 'कपट' डाउट करतो असं आज सहसा कुणी बोलत नाही. कान अडखळला की तिथे थांबावं. मग सापडलेला जुना अर्थ त्याच लेखकाच्या दुसऱ्या दोन-तीन ठिकाणी लावून बघावा. 'हॅम्लेट'मध्येच राणीही मुलाच्या वेडाचं कारण सांगताना 'डाउट' म्हणते : बापाचं मरण आणि आमचं घाईचं लग्न, हेच कारण असावं. दोन्हीकडे अर्थ बसला, आता आपली बाजू पक्की.

याला मर्यादाही आहे

एकदा ही चव लागली की माणूस उलटी चूक करायला लागतो. सगळीकडे जुनाच अर्थ शोधतो. 'नाइस' या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये 'अजाण' असं आहे. म्हणून जेन ऑस्टिनच्या कादंबरीत कुणी कुणाला नाइस म्हटलं, तर तो मूर्ख म्हणतो आहे असं सांगणारे भेटतात. तिच्या काळापर्यंत आजचा 'छान' हा अर्थ इतका रुळला होता की 'नॉर्दँगर ॲबे'मध्ये तिचा नायक त्याच्या अतिवापराची थट्टा करतो. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. मूळ कळलं तरी त्या सालात काय चालू होतं, तेच बघावं लागतं.

आणि काही ठिकाणी निकाल लागतच नाही. हॅम्लेटच्या सुप्रसिद्ध स्वगतात 'कॉन्शन्स' आपल्याला भित्रं बनवते असं येतं. आजचा अर्थ सदसद्विवेक. जुना अर्थ जाणीव, आत वळून केलेला विचार. लगेच पुढे विचाराने निश्चयाचा रंग फिका पडतो असं आहे, म्हणून जुना अर्थ बसतो. पण याच नाटकात, राजाची कॉन्शन्स नाटकाच्या सापळ्यात पकडीन असं हॅम्लेट म्हणतो, तिथे सरळ सदसद्विवेकच आहे. म्हणजे दोन्ही अर्थ लेखकाच्या हाताशी होते. अभ्यासकांचं यावर एकमत नाही. भाषांतरकाराला मात्र मराठीत 'विवेक' किंवा 'विचार' यातलं एक लिहावंच लागतं, आणि जे लिहील त्याप्रमाणे त्याचा हॅम्लेट पापभीरू होतो किंवा विचारमग्न. इथे कोश दोन दारं उघडून देतो. आत कुठल्या दाराने जायचं, हे वाचकाने नाटक सगळं वाचून ठरवायचं.

व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीने विचारलं, 'सर, परीक्षेत रूडचा अर्थ उद्धट असाच छापलेला असेल तर काय लिहायचं?' आमचं उत्तर असं : अर्थ लिहा अशिक्षित, आणि पुढे एकच वाक्य जोडा, की याच कवितेत कवी म्हणतो, विद्येने आपलं पुस्तक त्यांच्यापुढे उघडलं नाही. तपासणाऱ्याला कोश पटला नाही, तरी कविता पटेल.